शेरवानीखालची पँट आणि घोट्यावरच्या चुण्या

लग्नाच्या अल्बमवर काम करणाऱ्यांकडे एक मागणी नेहमी येते. नवरदेवाने शेरवानी घातली आहे, पायात मोजडी आहे, पण ऐनवेळी चुडीदार सापडला नाही किंवा बसला नाही म्हणून खाली साधी फॉर्मल पँट चढवली आहे. घरच्यांना भिंतीवर लावायचा तो एकच मोठा फोटो हवा असतो आणि त्यात पँटच्या जागी चुडीदार दिसायला हवा असतो. ऐकायला किरकोळ काम वाटतं. शेरवानी गुडघ्यापर्यंत येते, म्हणजे बदलायचा भाग गुडघ्यापासून पावलापर्यंत, जेमतेम दीड फूट. पण अशा बहुतेक फोटोंमध्ये खोटेपणा नेमका घोट्यापाशी उघडा पडतो. पँट बारीक केलेली असते, तिच्यावर आडव्या रेघा मारलेल्या असतात आणि नवरदेव पट्ट्यांचे मोजे घालून उभा असल्यासारखा दिसतो.

माऊस हातात घेण्याआधी चुडीदारच्या चुण्या मुळात का पडतात हे समजून घ्यावं लागतं. चुडीदार म्हणजे अरुंद पँट नव्हे. तो पायापेक्षा लांब शिवलेला असतो. शिंपी कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप घेतो आणि त्यात साधारण चार ते सहा इंच वाढवतो. कुणाला दाट चुण्या हव्या असतील तर त्याहूनही जास्त. कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे विणलेलं असूनही ते थोडं ताणलं जातं आणि पोटरीला बसतं. मोहरी इतकी लहान असते की पाऊल आत घालताना बोटं ताणून धरावी लागतात. काही शिंपी तिथे छोटी चीर ठेवून हूक किंवा टिचबटण लावतात. पाऊल एकदा बाहेर आलं की मोहरी घोट्याच्या खाली येऊन थांबते, कारण टाच आणि पावलाचा उंचवटा तिला पुढे सरकू देत नाही. वरचं जादा कापड मग खाली यायला बघतं, पण वाट बंद असते. ते जागच्या जागी एकावर एक बसतं. चुण्या म्हणजे हे अडकलेलं कापड.

एवढं कळलं की चित्रात काय दिसायला हवं ते आपोआप ठरतं. चुण्या तळाशी दाट असणार, कारण वरच्या सगळ्या कापडाचा भार तिथे येतो. वर जाताना त्या विरळ होतील आणि पोटरी फुगायला लागते तिथे संपतील, कारण तिथे कापड अंगाला ताणून बसलेलं असतं. गुडघ्यापर्यंत सारख्या अंतरावर चुण्या काढणाऱ्याने खरा चुडीदार नीट पाहिलेला नसतो.

आता एक फोटो घेऊ. नवरदेव समोर तोंड करून उभा आहे, डोक्यावर फेटा नाही, उंची 170 सेंटिमीटर. उभ्या फोटोची उंची 6000 पिक्सेल आहे आणि त्यात तो डोक्यापासून तळव्यापर्यंत 5100 पिक्सेल व्यापतो. म्हणजे एक सेंटिमीटरला 30 पिक्सेल. हा एक आकडा कागदावर लिहून ठेवला की पुढची बरीच अंदाजपंचे कामं वाचतात. घोट्याच्या वर पाय सगळ्यात बारीक असतो, तिथला घेर पुरुषाचा साधारण 23-24 सेंटिमीटर धरला तर समोरून दिसणारी रुंदी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास येते. त्यावर दोन्ही बाजूंनी चुण्यांची जाडी मिळवा, झाले नऊ सेंटिमीटर, म्हणजे 270 पिक्सेल. फॉर्मल पँटची मोहरी याच फोटोत 600 पिक्सेलच्या घरात असते. तेव्हा प्रत्येक पायाभोवती निम्म्याहून जास्त कापड नाहीसं होणार आहे. त्या कापडामागे काय होतं, हा पहिला खरा प्रश्न आहे.

मागे तीन गोष्टी असतात: पार्श्वभूमी, जमिनीवरची सावली आणि पाऊल. पार्श्वभूमी सोपी. भिंत किंवा पडदा शेजारून `Clone` ने उचलून भरता येतो. सावलीचा मात्र बऱ्याच जणांना विसर पडतो. रुंद पँटची सावली रुंद असते. पाय बारीक झाला आणि सावली तशीच राहिली, तर पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण फोटोवर विश्वास बसत नाही. ती सावली आधी पूर्ण पुसून जमीन स्वच्छ करावी आणि काम संपल्यावर नवी काढावी. जुनीच दुरुस्त करत बसू नये.

सगळ्यात अवघड पाऊल. फॉर्मल पँट बुटावर पडेल अशा लांबीची असते. मोजडीवर तीच पँट आली की मोजडीचा निम्मा भाग आणि पावलाचा वरचा सगळा उंचवटा झाकला जातो. चुडीदार घोट्याशी थांबतो, म्हणजे तो झाकलेला भाग उघडा व्हायला हवा, आणि तो फोटोत नाहीच. पँट ओढून-ताणून कितीही बारीक केली तरी त्यातून पाऊल निघत नाही. म्हणून चुडीदारला हात लावण्याआधी पाऊल पूर्ण करून घ्यायचं. त्याच दिवशी काढलेल्या दुसऱ्या फोटोत, बसलेल्या किंवा पायऱ्या चढतानाच्या, पँट वर सरकलेली असली तर तिथून मोजडी आणि पावलाची त्वचा घेता येते. घेताना कॅमेऱ्याची उंची आणि उजेडाची बाजू जुळते का ते पाहा. छातीच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पावलाचा वरचा भाग पसरट दिसतो, जमिनीजवळून काढलेल्यात तो आखडतो. यांची अदलाबदल चालत नाही. रंग जुळवता येतो, कोन जुळवता येत नाही. फोटो काढणारे तुम्हीच असाल आणि पँट बदलायची आहे हे आधी ठाऊक असेल, तर त्याच जागी, त्याच उजेडात पँट पोटरीपर्यंत दुमडून एक जादा फोटो काढून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि दोन तास वाचवतं.

पाऊल झालं की थरांचा क्रम लावून घ्यावा. सगळ्यात खाली साफ केलेली पार्श्वभूमी आणि जमीन. तिच्यावर जमिनीवरची सावली. मग मोजडीसकट पूर्ण पाऊल, जणू अंगावर कापडच नाही असं, अगदी नडगीच्या खालच्या भागापर्यंत. त्यावर चुडीदार आणि सगळ्यात वर शेरवानीचा घेर. पाऊल चुडीदारखाली जातं, चुडीदार शेरवानीखाली. हा क्रम पाळला तर मोहरी पावलावर एक सेंटिमीटर पुढे घ्यायची की मागे, हे शेवटपर्यंत हवं तसं सरकवता येतं. उलट सगळं एकाच थरावर रंगवलं, तर मोहरी हलवायची म्हणजे पाऊल पुन्हा काढावं लागतं.

चुडीदारच्या थरासाठी मूळ पँटचंच कापड वापरायला हरकत नाही. रंग आणि उजेड त्यात आधीच बरोबर असतात. फोटोशॉपमध्ये `Liquify`, गिंपमध्ये `Warp Transform` घेऊन बाहेरची रेषा आत ढकलायची. मोठा ब्रश घ्या आणि थोडं थोडं सरकवा. लहान ब्रशने कड लाटांसारखी होते. पँटच्या पुढच्या बाजूची इस्त्रीची घडी मात्र आधी `Heal` ने घालवा. चुडीदारला अशी घडी नसते आणि ती राहिली की पुढे केलेलं सगळं वाया जातं.

रेषा आत घेताना पायाचा आकार लक्षात हवा. पोटरीचा आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा थोडा खाली असतो. घोट्याचं हाड उलट, आतलं वर आणि बाहेरचं खाली. म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषा कधीच एकमेकींचं प्रतिबिंब नसतात. या दोन तिरकस गोष्टी सांभाळल्या की पाय पायासारखा दिसतो. नाही तर टेबलाचा खूर होतो.

आता चुण्या. समजा शिंप्याने सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर जादा ठेवलं आहे आणि चुण्या मोहरीपासून वर बारा सेंटिमीटरपर्यंत आहेत. त्या बारा सेंटिमीटरमध्ये सत्तावीस सेंटिमीटर कापड बसलेलं आहे. नऊ चुण्या धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला तीन सेंटिमीटर कापड येतं, आणि त्यातलं निम्म्याहून कमी समोर दिसतं. बाकीचं आत दुमडलेलं असतं. आपल्या फोटोत बारा सेंटिमीटर म्हणजे 360 पिक्सेल, सरासरी चुणी 40 पिक्सेलची. पण सरासरीने काढू नका. सगळ्यात खालची साधारण 26 ठेवा, वर जाताना वाढवत सगळ्यात वरची 60 पर्यंत न्या. वरच्या दोन तर पुसट आणि अर्धवटच हव्यात.

चुण्यांची वळणं कॅमेऱ्यावरून ठरतात. चुणी म्हणजे पायाभोवतीचं कडं. ते डोळ्याच्या उंचीवर असेल तर सरळ रेघ दिसेल, खाली असेल तर त्याची पुढची बाजू खाली झुकलेली दिसेल. कॅमेरा छातीच्या उंचीवर, घोट्यापेक्षा एक मीटरभर वर आणि चार मीटर दूर असेल तर कडेच्या टोकांपेक्षा मध्य सुमारे 35 पिक्सेल खाली यायला हवा. हे गणित करायचं नसेल तर फोटोतच पुरावा शोधा. मोजडीच्या तोंडाची कड किंवा मूळ पँटच्या मोहरीची कड किती वाकलेली दिसते ते पाहा. चुण्यांची वळणं तिच्याशी जुळली पाहिजेत. सरळ आडव्या रेघा मारल्या की पाय सपाट फळी होतो, आणि उलट्या, वर वळलेल्या कमानी काढल्या तर कॅमेरा जमिनीवर ठेवला होता असं वाटतं.

पण नऊ सुबक कडी काढली तरी चुडीदार होत नाही. कापड उरेब असल्यामुळे चुण्या थोड्या तिरक्या जातात. एखादी समोर ठळक असते आणि बाजूला जाताना विरून जाते. दोन चुण्या मध्येच एकत्र येऊन इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार करतात. नडगी जिथे पावलाला मिळते त्या खाचेत त्या दाटतात, टाचेच्या वर मागे थोड्या मोकळ्या राहतात. डाव्या आणि उजव्या पायावर कधी सारख्या पडत नाहीत. ज्या पायावर भार नाही, गुडघा किंचित वाकलेला आहे, त्याच्या चुण्या सैल दिसतात. म्हणून एक पाय करून त्याचीच उलटी प्रत दुसरीकडे चिकटवणं हा सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट आहे. पाहणाऱ्याच्या नजरेला ती जुळी जोडी लगेच सापडते.

चुणी काढण्याची पद्धत तशी साधी. चुडीदारवर `Multiply` पद्धतीचा एक थर सावल्यांसाठी आणि `Screen` पद्धतीचा एक उजेडासाठी घ्या. उजेड वरून येत असेल तर प्रत्येक चुणीचा वरचा फुगवटा उजळ आणि त्याखालची दुमड गडद. दुमडीची रेघ वरच्या चुणीला लागून तीक्ष्ण असते आणि खाली जाताना मऊ होते. दोन्ही कडा सारख्या मऊ ठेवल्या तर ती चुणी न राहता मळकट पट्टा होतो. सावलीचा रंग काळा घेऊ नका. क्रीम रंगाच्या कापडाची सावली तपकिरीकडे झुकते. त्याच पँटच्या गुडघ्यामागच्या सुरकुतीतून रंग उचलला की प्रश्न मिटतो. सॅटिनसारखं चमकदार कापड असेल तर उजेडाची रेघ बारीक आणि ठळक, सुती असेल तर रुंद आणि फिकी.

आणि मग ती पायरी, जिच्याविना वरचं सगळं पायमोज्यांवर संपतं. चुण्या बाहेरच्या रेषेपर्यंत जाऊन तिथे दिसल्या पाहिजेत. प्रत्येक फुगवट्यापाशी पायाची कड किंचित बाहेर यावी, प्रत्येक दुमडीपाशी आत जावी. आपल्या मापात दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे सहा ते बारा पिक्सेल. खाली जास्त, वर कमी. गुळगुळीत कडेच्या आत कितीही सुंदर छायाप्रकाश भरला तरी डोळा तो छापलेली नक्षी म्हणूनच वाचतो. मी तर आधी कड करतो आणि आतल्या सावल्या नंतर. कडेवरचे उंचवटे ठरले की कुठली चुणी कुठून कुठे जाते हेही ठरून जातं.

मोहरी कुठे थांबवायची? घोट्याच्या हाडाच्या किंचित खाली. पुढे ती पावलाच्या उंचवट्यावर एक-दीड सेंटिमीटर येते, मागे टाचेच्या वर टेकते. मोजडी आणि मोहरी यांच्यामध्ये पावलाची त्वचा दिसते, साधारण दोन-तीन बोटं. ती पट्टी पूर्ण झाकली तर चुडीदार मोजडीत खोचल्यासारखा वाटतो. मोहरीची कड दुमडून शिवलेली असते, त्यामुळे तिला जाडी हवी: दोन मिलिमीटरची उजळ रेघ आणि तिच्या खाली त्वचेवर बारीक, गडद, लगेच विरणारी सावली. ही सावली पावलाच्या थरावर, मोहरीच्या खाली काढायची. ती नसेल तर मोहरी पावलावर तरंगते. फार रुंद झाली तर कापड त्वचेपासून सुटून उभं राहिल्यासारखं दिसतं. चुडीदार घट्ट असतो, म्हणून सावली अरुंदच हवी. शेरवानीच्या घेराचीही चुडीदारवर सावली पडते, ती मात्र रुंद आणि मऊ, कारण घेर पायापासून दूर लोंबतो.

तपासताना फोटो लहान करून पाहावा, मग आडवा उलटा करून. उलटा केल्यावर सवयीने न दिसणारा तिरकसपणा दिसतो. तिसरी तपासणी रंग काढून, फक्त करड्या छटांत. तिथे चुण्यांच्या सावल्या शेरवानीच्या सावल्यांपेक्षा जास्त काळ्या दिसल्या तर हात जड पडला आहे असं समजावं. शेवटी कापडावर मूळ फोटोचे बारीक दाणे परत आणावे लागतात. रंगवलेला भाग नेहमी जास्त गुळगुळीत असतो, आणि मोठ्या छपाईत तो मेणासारखा चमकतो.

याच पायात सलवार हवी असेल तर जवळजवळ सगळं उलटं होतं. सलवारच्या चुण्या कमरेला, नेफ्यात असतात आणि कुर्त्याखाली झाकलेल्या राहतात. घोट्याशी मोहरीला आतून बकरम लावलेलं असतं आणि त्यावर समांतर शिलाईच्या ओळी मारलेल्या असतात, म्हणून ती ताठ राहते. तिथे आडवी चुणी काढली की सलवारचा चुडीदार झाला. कापडाच्या घड्या वरून खाली, लांब आणि उभ्या येतात आणि ताठ मोहरीच्या वर येऊन थोड्या फुगतात. मोहरी पायापेक्षा रुंद असते, पुढे पावलाच्या उंचवट्यावर टेकते आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडते. त्या मोकळ्या जागेत आतला अंधार दिसायला हवा, आणि पावलावरची सावली चुडीदारपेक्षा रुंद हवी. सलवार पँटइतकीच घेरदार असल्याने पार्श्वभूमी भरायचं काम फारसं उरत नाही. पाऊलही निम्मं झाकलेलंच राहतं. म्हणून फॉर्मल पँटची सलवार करणं चुडीदारपेक्षा बरंच हलकं काम आहे.

लेगिंगमध्ये चुण्या नाहीतच, असं समजूनच सुरुवात करावी. विणीचं लवचिक कापड लांबीचं जादा माप न ठेवता शिवलेलं असतं. ते घोट्याच्या हाडाशी किंवा त्याच्या थोडं वर संपतं आणि पावलाला शिवतही नाही. गुडघ्यामागे आणि घोट्यापुढे दोन-तीन बारीक, उथळ सुरकुत्या पुरतात, आणि त्यांनी बाहेरची कड हलत नाही. चुडीदार लेगिंग म्हणून जे मिळतं त्यात मात्र लांबी वाढवलेली असते; तिथे तळाच्या चार-पाच चुण्या काढाव्यात, पण विणलेल्या उरेब कापडापेक्षा गोलसर आणि मऊ, कारण ताणणारं कापड कडक दुमड धरत नाही. लेगिंगची अडचण वेगळीच असते: पायाची खरी रेषा पूर्ण दिसते, आणि पँटखाली ती कधी दिसलेली नसते. पँट दुमडून काढलेला तो जादा फोटो इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.